महिनाभराचे बिऱ्हाड

वाचकहो, महाराष्ट्राबाहेर तीन-तीन पिढ्या काढलेल्या आपल्या घरांत पुण्याला जायचे ठरले की मुक्काम कोठे करावयाचा, हा प्रश्न पूर्वी सहसा उद्भवत नसे. सदाशिव पेठेत मावशी असे, नाही तर दादरला काका असत. पोस्टकार्ड टाकले की झाले. आता मावशी राहिली नाही, तिच्या वाड्याच्या जागी सात मजली इमारत उभी आहे आणि भाचा दोन खोल्यांच्या सदनिकेत संसार करतो आहे. दोन दिवस तो आनंदाने ठेवून घेईल. महिनाभर त्याच्याकडे राहणे आपल्यालाच प्रशस्त वाटत नाही. मग सामानसुमानासह तयार असलेले घर महिन्याच्या बोलीने घ्यावे, हा मार्ग उरतो. लेकीचे बाळंतपण, वडिलांची शस्त्रक्रिया, मुलाची परीक्षा अशा निमित्तांनी इंदूर, बडोदे, बेळगाव वा हैदराबादहून जाणारी पुष्कळ कुटुंबे हल्ली तो पत्करतात.

अशा घराची चित्रे संकेतस्थळावर पाहून माणूस प्रसन्न होतो आणि भाड्याचा आकडा पाहून निर्णय घेतो. यजमानांना विचारावयाच्या गोष्टी मात्र तीनच आणि साध्याच असतात: घरात केव्हा येता येईल, घराचे नियम काय, आणि स्वच्छतेचे म्हणून जे पैसे वेगळे घेतले जातात ते कशाचे. दोन रात्रींच्या मुक्कामात या तिन्हींची उत्तरे ठरीव असतात आणि ती नीट समजली नाहीत तरी फारसे बिघडत नाही. मुक्काम तीस रात्रींचा झाला की हेच प्रश्न निराळे होतात. म्हणून या खेपेस आम्ही एक उदाहरण पत्रासह वाचकांपुढे ठेवीत आहोत.

इंदूरचे एक जोडपे डोळ्यांसमोर आणा. गृहस्थ चौसष्ट वर्षांचे, गृहिणी साठीच्या. लेक पुण्यात कोथरूडला असते. तिचे बाळंतपण अठरा एप्रिलच्या सुमारास अपेक्षित आहे. तिच्या घरी सासूबाईही येणार असल्यामुळे या दोघांनी त्याच भागात सुसज्ज सदनिका पाहिली, १० एप्रिल ते १० मे, म्हणजे तीस रात्री. दर दिवसाला १,८०० रुपये. तीस दिवसांचे ५४,००० होतात, पण महिन्याच्या मुक्कामासाठी यजमानांनी तीस टक्के सूट ठेवली आहे. म्हणजे ३७,८०० रुपये, आणि स्वच्छतेचे १,५०० वेगळे. पैसे भरण्यापूर्वी गृहस्थांनी यजमानीणबाईंना पुढीलप्रमाणे लिहिले:

"सादर नमस्कार. आम्ही उभयता इंदूरहून रात्रीच्या बसने निघून १० एप्रिलला सकाळी सुमारे सात वाजता पुण्यात पोहोचू. आपल्या जाहिरातीत प्रवेशाची वेळ दुपारी दोनची दिली आहे. आदल्या रात्री घर रिकामे असल्यास सकाळीच येता येईल का? नसल्यास सामान कोठे ठेवता येईल, आणि किल्ली आमच्या हाती कोण देईल? दुसरे असे की, राहणार आम्ही दोघेच आहोत. परंतु प्रसूतीनंतर आमची कन्या बाळासह अधूनमधून दिवसा येऊन बसेल, क्वचित रात्री राहील. स्वयंपाक आम्ही दोन्ही वेळा घरीच करू. बाळाला तेल लावून अंघोळ घालण्याचा आणि शेक-धुरीचा आमच्याकडे परिपाठ आहे. यापैकी काही आपल्या नियमांत बसत नसेल तर कृपया आताच कळवावे. तिसरे, स्वच्छतेचे १,५०० रुपये एकदाच द्यावयाचे की दर आठवड्याला? त्यात महिन्याभरात केर-फरशी होणे व चादरी बदलून मिळणे धरले आहे काय? विजेचे बिल भाड्यातच आहे की मीटरप्रमाणे? आणि बाळंतपण लांबल्यास आणखी आठवडा राहता येईल का? आपला कृपाभिलाषी."

या पत्रात आम्हांला आवडलेली गोष्ट ही की, "आपले नियम काय आहेत?" असे त्यांनी विचारले नाही. नियम जाहिरातीत लिहिलेलेच असतात; धूम्रपान नको, मोठा आवाज नको, पाळीव प्राणी नकोत. तसे विचारले तर त्याच ओळी परत येतात. आपण घरात प्रत्यक्ष काय करणार आहोत ते सांगून "हे चालेल का?" असे विचारले म्हणजे यजमानांना खरोखर विचार करून उत्तर द्यावे लागते. दुसरी गोष्ट, सगळे एकदाच आणि लेखी विचारले. फोनवरचे गोड बोलणे महिन्याच्या शेवटी कोणाच्याच स्मरणात राहत नाही. घर संकेतस्थळावरून घेत असाल तर हा पत्रव्यवहार तेथल्या निरोपांच्या सोयीतूनच करावा. पुढे वाद उद्भवलाच तर ती मंडळी तेथील निरोप पाहतात. खाजगी फोनवर काय ठरले याच्याशी त्यांना कर्तव्य नसते.

बाईंचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. प्रवेशाच्या वेळेबद्दल त्यांनी लिहिले, "नऊ तारखेच्या रात्री दुसरे पाहुणे आहेत. ते अकराला घर सोडतील. सफाईवाली बाई त्यानंतर येते आणि तिला दोन-अडीच तास लागतात. तेव्हा सातला घर देता येणार नाही. पण आपले सामान खालच्या मजल्यावर आमच्याकडे ठेवा, चहा घ्या. मुक्काम महिन्याचा आहे म्हणून बाईला आधी तुमच्याच घरी पाठवते. एक वाजेपर्यंत घर तयार होईल."

दुपारी दोनची वेळ यजमान हट्टाने ठेवतात, असा पुष्कळांचा समज असतो. तिचे कारण या उत्तरात आहे. जुने पाहुणे दहा-अकराला जातात, नवे दोन-तीनला येतात आणि मधल्या अवकाशात चादरी, न्हाणीघर, स्वयंपाकघर सगळे उरकावे लागते. म्हणून लवकर प्रवेश मिळेल की नाही, हे यजमानांच्या मनापेक्षा आदल्या रात्रीवर अधिक अवलंबून असते. संकेतस्थळावरील दिनदर्शिकेत आदली रात्र भरलेली दिसली तर सकाळचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ती रिकामी दिसली तर निःसंकोच विचारावे. बहुतेक यजमान नाही म्हणत नाहीत. सोबत वृद्ध वा आजारी माणूस असेल आणि सकाळी पाठ टेकणे अगत्याचेच असेल, तर आदल्या रात्रीचेही पैसे भरून घर आदल्या दिवसापासून घ्यावे. तीस रात्रींच्या हिशेबात एक रात्र फार जड जात नाही. मात्र तसे केल्यास "आम्ही नऊला येणार नाही, दहाला पहाटे येऊ" हे यजमानांना स्पष्ट कळवावे. नाही तर पाहुणे आलेच नाहीत, असा त्यांचा समज होतो.

किल्लीचा प्रश्नही सातच्या वेळेशी निगडित आहे. काही घरांना आकडे जुळवून उघडण्याची पेटी असते, काही ठिकाणी पहारेकरी किल्ली देतो, काही ठिकाणी यजमान स्वतः. मोठ्या गृहसंकुलांत तर किल्लीआधी फाटक लागते! तेथे पाहुण्यांची नावे पहारेकऱ्याच्या फोनवर आधी नोंदलेली नसतील तर यजमानांशी संपर्क होईपर्यंत आत सोडत नाहीत. पहाटे झोपेतल्या यजमानांचा फोन लागत नाही आणि ट्रंकांवर बसून वाट पाहावी लागते. तेव्हा नावे, संख्या, रिक्षाने येणार की स्वतःच्या गाडीने, एवढे आदल्या दिवशी कळवून "फाटकावर नोंद झाली का?" हे विचारून घ्यावे.

याच ओघात एक बाब सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात घर भाड्याने किंवा परवाना-कराराने दिल्यास तो करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ मध्ये सांगितले आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. दिवसाच्या दराने अतिथिगृहासारखे घर देणारे यजमान असा करार सहसा करीत नाहीत, आणि कित्येक गृहसंस्थांना असे अल्प मुदतीचे पाहुणे मुळीच पसंत नसतात. दोन रात्रींचा पाहुणा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. महिनाभर रोज जिन्यात भेटणाऱ्या जोडप्याला मात्र संस्थेचे चिटणीस एके दिवशी विचारतातच. तेव्हा "अशा मुक्कामास संस्थेची हरकत नाही ना, आणि आमच्याकडून कोणती कागदपत्रे लागतील?" हा प्रश्न आधीच घालावा. ओळखपत्राची प्रत तर सर्वत्र मागतात. आपल्यापैकी कोणाचा मुलगा किंवा सून परदेशी नागरिक असून सोबत राहणार असेल, तर तेही यजमानांना कळवावे. परदेशी पाहुण्याची वर्दी त्यांना चोवीस तासांच्या आत सरकारदरबारी द्यावी लागते आणि त्यासाठी पारपत्राचा व व्हिसाचा तपशील लागतो.

आता नियम. बाईंनी लिहिले, "कन्या व बाळ दिवसा आल्यास आनंदच आहे. रात्री राहणार असतील तर त्या दिवशी कळवा. चारपर्यंत माणसांचे वेगळे पैसे घेत नाही. स्वयंपाक अवश्य करा. सिलिंडर भरलेला देईन, महिन्यात संपला तर दुसरा तुमच्या खर्चाने. तेलाच्या कामासाठी आमच्या पांढऱ्या चादरी व टॉवेल वापरू नयेत, जुनी लुगडी-धोतरे आणावीत. निखाऱ्याची शेगडी व धुरी घरात चालणार नाही."

शेवटच्या वाक्यावर गृहिणी थोड्या नाराज झाल्या, असे आपण धरून चालू. तरीही हा नकार त्यांना मार्च महिन्यातच मिळाला, हे किती बरे झाले! बाळ घरात आल्यावर, धुराने स्वयंपाकघराचे छत काळवंडल्यावर आणि शेजाऱ्यांनी तक्रार केल्यावर तो मिळाला असता तर महिन्याची उरलेली गोडी गेली असती. (बंद खोलीत निखारे ठेवणे मोठ्यांनाही धोक्याचे असते आणि तान्ह्या बाळाजवळ धूर नको, असे आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, तेव्हा बाईंच्या नियमाला वैद्यकाचाही आधार आहे. शेकासाठी गरम पाण्याची रबरी पिशवी चालेल का, असे विचारता त्यांनी लगेच होकार दिला.)

महिन्याच्या मुक्कामात नियम मोडतात ते बहुधा माणसांच्या संख्येवरून. दोन रात्रींसाठी गेलेल्यांकडे कोणी येत नाही. महिनाभर राहणाऱ्यांकडे मात्र नातेवाईक येणारच. बारशाला आत्या येते, नाशिकचे दीर येतात, कोणी रात्री राहतो. जाहिरातीत "दोन माणसे" म्हटलेले असते आणि यजमानांच्या कॅमेऱ्यात सहा माणसे जिना चढताना दिसतात. म्हणून दिवसा येणारे किती, रात्री राहणारे किती आणि बारशासारखा समारंभ घरात चालेल की नाही, हे तीन निरनिराळे प्रश्न समजावेत. समारंभाला बहुतेक यजमान नकार देतात, मग तो दहा माणसांचा का असेना. तसेच सामिष स्वयंपाक. आपण मासळी करणारे असाल आणि घरमालक शाकाहारी असतील, तर संकोच न करता आधी विचारावे. तळलेल्या बांगड्याचा वास लपवता येत नाही.

राहिले स्वच्छतेचे शुल्क. याविषयी सर्वाधिक घोटाळा होतो. बाईंचे उत्तर असे: "१,५०० एकदाच. ते तुम्ही गेल्यानंतरच्या सफाईचे आहेत. महिन्याभरात केर-फरशीला बाई हवी असल्यास आठवड्यातून एकदा पाठवीन, खेपेस ३०० रुपये बाईच्या हातात द्या. चादरी-अभ्रे पंधरा दिवसांनी बदलून देईन."

हे शुल्क पाहुणा गेल्यावर घर पुढच्या पाहुण्यासाठी तयार करण्याचे असते. मुक्काम दोन रात्रींचा असो वा तीस रात्रींचा, ते एकदाच पडते. म्हणून दोन रात्री राहणाऱ्याला १,५०० रुपये म्हणजे रात्रीमागे ७५० रुपयांचा भुर्दंड होतो, आणि तीस रात्री राहणाऱ्याला रात्रीमागे पन्नासच रुपये. त्यावर घासाघीस करण्यात महिन्याच्या पाहुण्याने शक्ती खर्चू नये. त्याने पाहावयाचे ते हे की, मधल्या तीस दिवसांची स्वच्छता या शुल्कात नाही. अनेक जण "सफाईचे पैसे भरले आहेत" म्हणून पहिले चार दिवस बाईची वाट पाहत बसतात! आपल्या जोडप्याने चार खेपा ठरवल्या, त्याचे १,२०० झाले. रोजचा केर आणि भांडी गृहिणींनी आपल्याकडे ठेवली. झाडू, फरशी पुसण्याचे फडके, भांड्यांचा साबण घरात असतो का, हेही त्यांनी विचारून घेतले.

शुल्क आणि अनामत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात असावे. शुल्क परत मिळत नाही. अनामत नुकसान झाले नसेल तर परत मिळते. तंटा होतो तो यांच्या सीमेवर. महिनाभर फोडण्या झालेल्या स्वयंपाकघरात ओट्यामागच्या फरशीवर तेलाचा थर बसतो, चिमणीची जाळी चिकट होते. ही सफाई १,५०० मध्ये येते की अनामतीतून कापली जाणार? गादीवर हळदीच्या तेलाचा डाग पडला तर ती सफाई म्हणावी की नुकसान? आमच्या मते ओटा, जाळी, न्हाणीघर ही नित्याच्या वापराची झीज शुल्कातच यावी, आणि गादीचा डाग पाहुण्याने भरून द्यावा. परंतु आमच्या मताला येथे किंमत नाही. यजमानांनी काय लिहून दिले त्याला आहे. बाईंनी लिहिले की, ओटा-जाळी शुल्कात, पण गादी डागळल्यास धुण्याचा प्रत्यक्ष खर्च अनामतीतून. गृहिणींनी लगोलग रबरी कापड बांधाबांधीत टाकले.

विजेचे उत्तर शेवटच्या ओळीत होते: "दोनशे युनिटपर्यंत भाड्यात, पुढे मीटरप्रमाणे." एप्रिल-मे म्हणजे वातानुकूलन यंत्र लागणार. दीड टनाचे यंत्र तासाला साधारण सव्वा युनिट खाते असे धरले आणि रात्री आठ तास लावले, तर दिवसाला दहा आणि महिन्याला तीनशे युनिटे होतात. म्हणजे शीतकपाट व पाण्याचा बंब धरण्याआधीच मर्यादा ओलांडली जाते. घर महाग पडते ते बहुधा या ओळीमुळे. तेव्हा जादा युनिटचा दर काय, हे विचारून घ्यावे आणि प्रवेशाच्या दिवशी सामान उघडण्यापूर्वी मीटरच्या आकड्याचे छायाचित्र काढून यजमानांना पाठवावे. त्याच वेळी भिंतींवरची ओल, तडकलेला आरसा, आधीचे डाग यांचीही छायाचित्रे पाठवावीत. पहिल्या दिवशी पाठवलेले छायाचित्र तक्रार वाटत नाही, नोंद वाटते; तीसाव्या दिवशी तेच छायाचित्र भांडण वाटते.

हिशेब येथवर असा: भाडे ३७,८००, शुल्क १,५००, मिळून ३९,३००. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या अशा निवासावर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के वस्तू व सेवा कर आहे, तो १,९६५, एकूण ४१,२६५. संकेतस्थळाचे सेवाशुल्क, बाईच्या चार खेपांचे १,२०० आणि जादा वीज याहून निराळी.

मुदत वाढवण्याविषयी बाईंनी "१० मेनंतर घर दुसऱ्यांना दिले आहे" असे कळवले, आणि याच उत्तरावर जोडप्याला खरा विचार करावा लागला. बाळंतपण तारखेबरहुकूम होत नाही. आठवडाभर लांबले तर बाळ जेमतेम दोन आठवड्यांचे असताना घर सोडावे लागणार. तारखा पुढे सरकवाव्यात, तर बाळ लवकर आल्यास आपण इंदुरातच. शिवाय महिन्याच्या मुक्कामाचे रद्द करण्याचे नियमही कडक असतात. एअरबीएनबीसारख्या संकेतस्थळावर २८ किंवा अधिक रात्रींचा मुक्काम दीर्घ मुक्काम गणला जातो आणि त्यास निराळे नियम लागतात. प्रवेशाचा दिवस जवळ आल्यावर रद्द केल्यास मोठी रक्कम बुडू शकते. पैसे भरण्याच्या पानावर परताव्याची शेवटची तारीख दिलेली असते, ती वहीत उतरून ठेवावी. जोडप्याने पुन्हा लिहून विचारले तेव्हा बाईंनी, १४ एप्रिल ते १४ मे घेता येईल, नवे पाहुणे चार दिवसांनी पुढे जाण्यास तयार आहेत, असे कळवले. त्यांनी ते पत्करले आणि पहिले चार दिवस काढावयास सांगून भाच्याला फोन केला. चौदाला तर तेही बसने येणार नव्हते, भाच्याच्या घरून निघणार होते. सकाळी सातच्या प्रवेशाचा प्रश्न आपोआप सुटला.

निघण्याच्या दिवशी दहा-अकराची वेळ पाळावी, कारण त्याच दुपारी कोणी तरी आपल्यासारखेच सामान घेऊन खाली बसलेले असते. ओला-सुका कचरा वेगळा करून बाहेर ठेवावा, भांडी घासून पालथी घालावीत, शीतकपाट रिकामे करावे, मीटरचा आकडा पुन्हा टिपावा आणि जमल्यास यजमानांच्या समक्ष घर दाखवून किल्ली द्यावी. अनामत किती दिवसांत परत येईल, हे बाईंनी लिहिले नव्हते; जोडप्याने विचारले, तेव्हा "वीजबिलाचा हिशेब झाला की तिसऱ्या दिवशी" असे उत्तर आले.

आपल्यापैकी ज्यांनी इंदुरात वा बडोद्यात स्वतःचा वरचा मजला असा पाहुण्यांना देण्यास प्रारंभ केला आहे, त्यांनी हाच पत्रव्यवहार उलट बाजूने वाचावा. बाईंनी जे जे विचारल्यावर सांगितले, ते जाहिरातीतच लिहून ठेवता येते. विशेषतः सिलिंडर, चादरी, युनिटांची मर्यादा आणि रात्री राहणाऱ्यांची संख्या.